फायब्रोस्कॅनला १६ आलंय. भावाला सिरॉसिस झालाय का? मदत हवी आहे

रावेरचा_शेतकरी: मोठा भाऊ, वय ४४. बऱ्याच वर्षांपासून रोज देशीच्या दोन क्वार्टर. जळगावला तपासण्या केल्या. एसजीओटी १४८, एसजीपीटी ६१, बिलिरुबिन १.३, अल्ब्युमिन ४, प्लेटलेट २ लाख १० हजार. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २, प्लीहा नॉर्मल. फायब्रोस्कॅन १६, पुढे छापलंय ‘सिरॉसिसची शक्यता’. आदल्या रात्रीपर्यंत पीतच होता. वहिनीच्या घशाखाली घास उतरत नाहीये. दारू सोडली तर लिव्हर परत सुधरतं का?

अमळनेरकर: भाऊ, घाबरू नका. एसजीपीटी ६१ म्हणजे काहीच नाही. दारूवाल्यांचं एसजीओटीच दुपटीने वर असतं. महिनाभर सोडली की सगळं नॉर्मल. आमच्या मामांचं झालं.

नंदुरबारची_लेक: मी थेंबही घेत नाही, शुगर आहे, तरी माझंही ग्रेड २ आलंय. म्हणजे मीपण दुसऱ्या स्टेजला का?

धुळे_मेडिसिन: ताई, सोनोग्राफीचा ग्रेड चरबी किती ते सांगतो, आजार कुठवर गेला ते नाही. तुमच्या शुगरचा वेगळा धागा काढा, तिथे नीट बोलू.

अमळनेरकर, एसजीओटीचं बरोबर बोललात, पण एसजीपीटीवर विसंबू नका. पक्क्या सिरॉसिसमध्येही तो नॉर्मल येतो. मामांची बहुतेक नुसती चरबी असावी. ती दोन ते सहा आठवड्यांत उतरते.

आता भावाचं. फायब्रोस्कॅन लिव्हर किती कडक झालंय ते मोजतो. कडकपणा व्रणाने येतो, तसाच सुजेनेही येतो. एसजीओटी १४८ असताना, पिता पिता काढलेल्या १६ मध्ये सूज किती आणि व्रण किती, हे कोणीच सांगू शकत नाही. दारू बंद करून, एसजीओटी शंभराच्या खाली आल्यावर पुन्हा काढा. ७-८ वर आला तर बरीचशी सूजच होती. १५ च्या आसपास अडून राहिला तर व्रण धरून चला. प्लेटलेट, अल्ब्युमिन, प्लीहा चांगले आहेत ही जमेची बाजू, पण तेवढ्यावरून सिरॉसिस नाही असं म्हणता येत नाही. सिरॉसिसचे व्रण सहसा पूर्ण जात नाहीत. तरी सोडली तर पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी हे बऱ्याच जणांत टळतं.

डोळे पिवळे झाले, ताप आला, तर पुढच्या स्कॅनपर्यंत थांबू नका. ती दारूची हिपॅटायटिस असू शकते, आणि तिच्यात दारू सोडूनही माणसं दगावतात.

एक विचारते, सोडली कधी?

रावेरचा_शेतकरी: काल दुपारपासून बंद, घरीच. हात थरथरतायत, अंगाला दरदरून घाम. आम्ही ग्लुकोज पाजतोय, अशक्तपणा असेल म्हणून.

धुळे_मेडिसिन: दादा, हा अशक्तपणा नाही. रोजची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास होतात. ग्लुकोज थांबवा, आधी बी-१ चं इंजेक्शन लागतं. आत्ताच दवाखान्यात न्या आणि शेवटची दारू किती वाजता घेतली ते तिथे सांगा.

रावेरचा_शेतकरी: गाडी काढतोय. स्कॅनचं नंतर विचारतो, ताई.