लिव्हरेज: तरफ, पहार की उत्तोलन?

खडूफळा: अकरावीच्या मुलांसाठी वाणिज्याच्या टिपा मराठीत लिहितोय. ठरलेल्या व्याजाने कर्ज काढलं की मालकाच्या स्वतःच्या भांडवलावरचा परतावा वाढतो, त्याला 'फायनान्शियल लिव्हरेज' म्हणतात. हिंदी पुस्तकांत 'उत्तोलन' दिसतं, पण मुलांना ते उत्खननाचं भावंड वाटतं. दुसरा शब्द आहे का?

निवांत_नाना: 'पुरेपूर वापर'. आमचे साहेब रोज 'आपली स्किल्स लिव्हरेज करा' म्हणतात, त्याचा अर्थ तोच.

खडूफळा: नाना, ते ऑफिसातलं लिव्हरेज. इथे कर्जाचा विषय चाललाय.

जमाखर्च: 'तरफ' घ्या. शाळेच्या विज्ञानात तो शब्द मुलांना भेटलेला असतो. इंग्रज लोक यालाच 'गिअरिंग' म्हणतात आणि आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत 'ट्रेडिंग ऑन इक्विटी' असायचं. पण शब्दाआधी तुमचं वाक्य दुरुस्त करा. 'परतावा वाढतो' हे अर्धंच आहे, कारण तो घटतोही.

समजा धंद्यात 40 लाख गुंतलेत. त्यातले 10 लाख मालकाचे, 30 लाख 11 टक्क्यांनी कर्जाऊ. व्याज देण्याआधी धंद्याने 40 लाखांवर 15 टक्के, म्हणजे 6 लाख कमावले. व्याजाचे 3.30 लाख गेले, उरले 2.70 लाख. मालकाच्या 10 लाखांवर हे 27 टक्के झाले. सगळे पैसे स्वतःचे असते तर 15 टक्क्यांवरच समाधान मानावं लागलं असतं.

आता मंदीचं वर्ष घ्या. कमाई 5 टक्के, म्हणजे 2 लाख. व्याज मात्र तेच 3.30 लाख. मालकाला 1.30 लाखांचा तोटा, म्हणजे उणे 13 टक्के. धंदा 15 वरून 5 वर आला, दहा अंकांनी. मालक 27 वरून उणे 13 वर, चाळीस अंकांनी! कर वगळून सूत्र असं:

```
मालकाचा परतावा = धंद्याचा परतावा + (धंद्याचा परतावा − व्याजदर) × (कर्ज ÷ स्वतःचं भांडवल)
```

इथे कर्ज भांडवलाच्या तिप्पट आहे, म्हणून कंसातला फरक, अधिक असो की उणे, तिपटीने येऊन बसतो.

सदाफुली: म्हणजे धंदा नफ्यात असेपर्यंत कर्ज फायद्याचंच, तोट्यात गेला की अंगाशी. बरोबर ना?

जमाखर्च: इथेच बहुतेकजण घसरतात. सीमारेषा शून्यावर नाही, व्याजदरावर आहे. धंद्याने 9 टक्के दिले असं धरा. 3.60 लाखांतून 3.30 लाख व्याज गेलं, 30 हजार उरले. ताळेबंद नफा दाखवतोय, पण मालकाला 3 टक्केच मिळाले. कर्ज नसतं तर 9 मिळाले असते. नफा आहे म्हणून कोणी ओरडत नाही, आणि तरफ उलटी फिरलेली असते. बरोबर 11 टक्क्यांवर कर्ज असलं काय, नसलं काय, सारखंच.

लाकडी_घाणा: माझा तेलाचा घाणा आहे, आकडे जवळजवळ हेच. पण 'ठरलेलं व्याज' कुठलं घेऊन बसलात? माझं कर्ज रेपोला बांधलेलं आहे. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा. घाणा पूर्वीसारखाच चालला, गिऱ्हाईक तेच, शेंगदाणा तोच, हप्ता मात्र फुगला.

जमाखर्च: तुमचं उदाहरण टिपांमध्ये घालायला हवं. व्याज 11 वरून साडेतेरा झालं की कंसातला फरक 4 ऐवजी दीडच उरतो. तिप्पट केला तर साडेचार, म्हणजे मालकाला 27 ऐवजी साडेएकोणीस टक्के. दर अडीच अंकांनी वाढला आणि परतावा साडेसातने खाली आला. शिवाय सूत्रात फक्त व्याज आहे, मुद्दल फेडायचे पैसे नाहीत. कागदावर 27 टक्के कमावणाऱ्या माणसाचाही हप्ता चुकू शकतो.

लाकडी_घाणा: चुकलाय. दोनदा.

सदाफुली: मग 'तरफ'ऐवजी 'पहार' का नको? पहारीने धोंडा उचकटताना खालचा टेकू सरकला की पहार आपल्याच नडगीवर येते. शिवाय 'तर्फ' म्हटलं की आमच्याकडे आधी महसुली गाव डोळ्यांपुढे येतं.

जमाखर्च: पहार झकास, पण 'वित्तीय पहार' असं प्रश्नपत्रिकेत कोण छापेल?

निवांत_नाना: मी छापेन.

खडूफळा: तूर्त 'वित्तीय तरफ' लिहितो. आणि व्याजदराच्या खाली गेल्यावर जे होतं त्याला 'उलटी तरफ' चालेल की 'प्रतिकूल तरफ'?

लाकडी_घाणा: उलटी. प्रतिकूल म्हटलं की हवामान खात्याचं वाटतं.

जमाखर्च: माझं मत 'प्रतिकूल'ला. तरफ उलटत नाही हो, ती दोन्ही वेळा आपलं कामच करत असते.