प्रतिसाद: पट्टा आधीच्या फ्रेममधून घ्या

> डॅशकॅमच्या फ्रेमवरची तारीख पुसली की तिच्याखालचा रस्त्यावरचा पांढरा पट्टा वितळल्यासारखा दिसतो. काय करू?

मूळ व्हिडिओ असेल तर हीलिंग ब्रशच्या वाटेला जाऊच नका, तो फक्त अंदाज बांधतो. तारखेची अक्षरं जागची हलत नाहीत, रस्ता मात्र सरकतो. गाडी पुढे जात असेल तर अक्षरांखालचा तोच पट्टा काही फ्रेम आधी थोडा वर, मोकळा सापडतो. त्या फ्रेम अशा काढा, वेळ तुमच्या फ्रेमच्या किंचित आधीची टाका:

```
ffmpeg -ss 00:01:12 -i in.mp4 -frames:v 30 f_%03d.png
```

पट्टा मोकळा दिसणारी फ्रेम वरच्या लेयरवर ठेवा, पट्ट्याचे चारही कोपरे पर्स्पेक्टिव्ह टूलने जुळवा आणि मास्क अक्षरांपेक्षा दोन-तीन पिक्सेल रुंद ठेवा. नाहीतर काँप्रेशनची पुसट कडा उरते. लांबचा पट्टा मोठा केल्याने किंचित मऊ दिसेल, म्हणून शक्य तितकी जवळची फ्रेम निवडा. बॉनेटवरच्या अक्षरांना ही युक्ती चालत नाही. पुरावा म्हणून द्यायचा असेल तर मूळ फाइलला हात लावू नका.