'नोंदणी' म्हणजे नक्की काय?

खाडीकाठ: वाशीतल्या एका साप्ताहिकात अर्धवेळ काम करतो. एका बिल्डरचं पत्रक आलंय, त्याची छोटी बातमी करायची आहे. मजकूर असा:

"नवी मुंबईतील अग्रगण्य समूहाच्या तळोजा येथील आलिशान गृहप्रकल्पाला ग्राहकांचा उदंड प्रतिसाद लाभला असून अवघ्या दोन दिवसांत तब्बल 320 घरांची विक्रमी नोंदणी झाली आहे. प्रकल्प मेट्रो स्थानकापासून हाकेच्या अंतरावर आहे."

अग्रगण्य, आलिशान, उदंड, अवघ्या, तब्बल, विक्रमी हे सगळं उडवलं. उरलं ते 'दोन दिवसांत 320 घरांची नोंदणी झाली'. संपादक मॅडम म्हणतात, अजून जाहिरातच आहे, 'नोंदणी'चं काहीतरी करा. घर बुक करणं याला दुसरा शब्द कोणता?

जुईनगरकर: आरक्षण! सोपं आहे. आणि 'आलिशान' तसाही अरबी-फारसीतला, गेला ते बरंच झालं.

प्रूफवाली: फारसीतला म्हणून नव्हे, मोजता येत नाही म्हणून गेला. पण तुमच्या मॅडम बरोबर आहेत. विशेषणं कापणं सोपं असतं, खरी जाहिरात नामात लपलेली असते. घराच्या बाबतीत 'नोंदणी' तीन ठिकाणी होते. बिल्डरच्या ऑफिसात टोकन देऊन नाव लिहिलं तरी नोंदणी, बुकिंगची रक्कम भरली तरी नोंदणी, आणि दुय्यम निबंधकाकडे करारनामा झाला तरी नोंदणीच. रेरा कायद्याप्रमाणे किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त पैसे घ्यायचे तर आधी करारनामा नोंदवावा लागतो. दोन दिवसांत 320 करारनामे? फोन करून विचारा: पैसे किती घेतले, ते परत मिळतात का, करारनामे किती झाले. आणि 320 कितीपैकी? महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की घरांची संख्या आणि पूर्ण करण्याची मुदत दिसते. विकल्या गेलेल्या घरांचा आकडाही असतो, पण तो दर तिमाहीला भरतात, त्यामुळे परवाची विक्री तिथे सापडणार नाही.

कळव्याचा_बंड्या: म्हणजे चौथी नोंदणी ती! 😀 माझ्या मेव्हण्याने असंच टोकन दिलं होतं. परत मिळायला सात महिने लागले, तेही चार चकरा मारून.

खाडीकाठ: फोन केला. त्यांचा माणूस म्हणाला, "320 इच्छापत्रं आली आहेत." प्रत्येकी 51 हजार, परत मिळणारे. करारनामा एकही नाही. या टप्प्यात घरं 410.

जुईनगरकर: इच्छापत्र?? म्हणजे मृत्युपत्र! 320 लोक घर घ्यायच्या आधीच गेले की काय?

कळव्याचा_बंड्या: ताबा मिळेपर्यंत जातीलच.

प्रूफवाली: सरकारी टेंडरात 'स्वारस्याची अभिव्यक्ती' असं काहीतरी असतं, ते वाचून वाचक पान उलटतो. शब्दच शोधू नका. काय घडलं ते लिहा.

खाडीकाठ: हे बघा:

"तळोजा येथील गृहप्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात 410 पैकी 320 घरांसाठी दोन दिवसांत प्रत्येकी 51 हजार रुपये जमा झाल्याचे विकासकाने सांगितले. ही रक्कम परत मिळू शकते. विक्रीचे करारनामे अद्याप झालेले नाहीत. महारेराकडील माहितीनुसार हा टप्पा पूर्ण करण्याची मुदत डिसेंबर 2029 आहे. पेंधर मेट्रो स्थानकापासून प्रकल्प रस्त्याने 2.6 किलोमीटरवर आहे."

जुईनगरकर: 2.6 किलोमीटरवरून हाक? तळोजा एमआयडीसीच्या ट्रकांतून?

ऐरोली_वाचक: 'सांगितले' का? 'दावा केला' लिहा. आपण कुठे पैसे मोजायला गेलो होतो?

प्रूफवाली: 'दावा' म्हटलं की वाचकाला वाटतं, हा खोटं बोलतोय. उलट माहिती हातात असेल तर 'दावा' शोभतो. मूळ पत्रकातल्या 'नोंदणी'ला शोभला असता. इथे 'सांगितले' पुरे. 'स्पष्ट केले' मात्र कधीच नको, त्यात आपणच खरं असल्याची सही करतो.

ऐरोली_वाचक: पटलं नाही. 'सांगितले'मध्येही अर्धी सही आहेच.

मालती_काकू: दावा ठाणे कोर्टात आमचा जागेचा चालू आहे, अठरा वर्षं. त्याला 'सांगितले' म्हटलं तर चालेल का?

प्रूफवाली: काकू, तो दावा वेगळा.

ऐरोली_वाचक: वेगळा कसा? शब्द एकच, हक्क सांगणं हाच अर्थ. उलट काकूंनी माझी बाजू मांडली!

जुईनगरकर: आणि 'विकासक' कुणाला म्हणता? विकास कुणाचा झाला? हेही विशेषणच, नामाचा सदरा घातलेलं. 'बिल्डर' लिहा.

प्रूफवाली: काल 'आलिशान' परका होता, आज 'बिल्डर' घरचा?

जुईनगरकर: रुळलाय तो.

खाडीकाठ: अंक छापून आला. मजकूर तसाच आहे, फक्त 'विकासका'चा बिल्डर झाला. मथळा मॅडमनी ऐनवेळी दिला, जागा एका ओळीचीच होती: 'तळोज्यात 320 घरांची नोंदणी'.