शब्दचर्चा: ‘रिव्हर्स चार्ज’ यातले नेमके काय उलटे?

पाचोऱ्याहून, दुकानाच्या हिशेबनीस

आमचे शेती अवजारांच्या सुट्या भागांचे नोंदणीकृत दुकान आहे आणि गाळा मालकांच्या मावशींचा आहे. मावशींची जीएसटी नोंदणी नाही. भाडे दरमहा 20,000 रुपये, म्हणून रिव्हर्स चार्जखाली 18 टक्क्यांनी 3,600 रुपये कर आम्हीच भरायचा, इथपर्यंत मला ठाऊक होते. मे महिन्याचे विवरणपत्र भरताना मात्र हाताखालच्या मुलाने ‘रिव्हर्स’ हा शब्द पाहून ती रक्कम GSTR-3B मधल्या 4(B)(2) या, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट परतवण्याच्या रकान्यात टाकली. पडद्यावर त्या रकान्याशीही ‘रिव्हर्स्ड’ असेच लिहिलेले असते. आमचे 3,600 रुपयांचे क्रेडिट कमी झाले आणि कर भरलाच गेला नाही. ही चूक मला दोन महिन्यांनी, जीएसटी पोर्टलवरच्या रोख खातेवहीत त्या महिन्याची एकही वजावट दिसेना तेव्हा कळली. मुलाला मी रागावले नाही, कारण या शब्दाचा अर्थ मीही त्याला कधी मराठीत सांगितला नव्हता. आता त्याच्यासाठी कागदावर काय लिहून ठेवू? ‘उलट आकार’, ‘प्रतिलोम आकारणी’, की आणखी काही?

धुळ्याहून, निवृत्त व्यापारी

ताई, शब्द कोणताही घ्या, नियम सोपा आहे. नोंदणी नसलेल्या माणसाकडून काहीही घेतले की कर घेणाऱ्याने भरायचा. आम्ही तर रंगारी, सुतार, वायरमन या सगळ्यांची रोजची बेरीज करत असू आणि दिवसाला 5,000 रुपयांच्या वर गेली की कर लावत असू. ‘उलटा कर’ म्हणा, मुलगा विसरणार नाही.

जळगावहून, कर सल्लागार

नाना, तुम्ही सांगता ती पद्धत खरी होती, पण ती 1 जुलै 2017 पासून जेमतेम साडेतीन महिने चालली. 13 ऑक्टोबर 2017 पासून ती स्थगित झाली. पुढे कायद्याचे ते कलमच बदलले आणि 2019 पासून त्याचा उपयोग मुख्यतः बांधकाम प्रकल्पांच्या प्रवर्तकांपुरता राहिला. त्यामुळे नोंदणी नसलेल्या वायरमनने ताईंच्या दुकानात 8,000 रुपयांचे काम केले, तरी त्यांना त्यावर कर भरावा लागत नाही.

गाळ्याच्या भाड्याचा कर येतो तो वेगळ्या वाटेने. जीएसटी कायद्याच्या कलम 9(3) खाली सरकार ठरावीक सेवांची यादी करते, आणि निवासी नसलेली जागा नोंदणी नसलेल्या मालकाने नोंदणीकृत व्यक्तीला भाड्याने देणे ही सेवा त्या यादीत 10 ऑक्टोबर 2024 पासून आली. म्हणून ‘समोरच्याची नोंदणी नाही’ एवढे पाहून थांबू नये. ती सेवा यादीत आहे का, हे आधी पाहावे.

आता शब्दाकडे येतो. ‘उलटा कर’ मला धोक्याचा वाटतो, कारण करात उलटे काहीच होत नाही. दर तोच, रक्कम तीच आणि कर जातो तोही सरकारकडेच. बदलतो तो भरणारा. कायद्याची व्याख्यासुद्धा एवढेच सांगते की कर भरण्याचे दायित्व पुरवठादाराऐवजी सेवा घेणाऱ्यावर येते. ‘चार्ज’ या शब्दानेही लोक फसतात. सर्व्हिस चार्जसारखी ती जादाची काही रक्कम असावी असे त्यांना वाटते, आणि मग कोणी तो कर भाड्यातून कापून घेतो. मावशींना 20,000 रुपये पूर्ण द्यायचे आणि 3,600 रुपये वेगळे सरकारला भरायचे.

अमळनेरहून, जिनिंगमधला कारकून

आमच्याकडे हे वर्षानुवर्षे चालते. शेतकऱ्याकडून कापूस घेतला की 5 टक्के आम्हीच भरतो. मग ताईंच्या भाड्यालाही 5 टक्केच लागायला हवेत ना?

जळगावहून, कर सल्लागार

भाऊ, तुमचे उदाहरण चांगले आहे, पण कापूस ही वस्तू आहे आणि तिचा दर 5 टक्के आहे. दर त्या त्या वस्तूचा किंवा सेवेचा असतो. रिव्हर्स चार्जला स्वतःचा दर नसतो.

पाचोऱ्याहून, दुकानाच्या हिशेबनीस

मुलाने मला आणखी एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. क्रेडिट खात्यात आमचे 11,000 रुपये पडून असताना हे 3,600 रुपये रोखीने का भरायचे?

जळगावहून, कर सल्लागार

याचे उत्तरही शब्दातच आहे. क्रेडिट फक्त ‘आउटपुट टॅक्स’ भरायला वापरता येते, आणि त्या शब्दाच्या व्याख्येतून रिव्हर्स चार्जचा कर स्पष्टपणे वगळलेला आहे. तुम्ही विकलेल्या मालावरचा तो कर नव्हे, तुम्ही घेतलेल्या सेवेवरचा आहे. म्हणून क्रेडिट कितीही असले तरी केंद्राचे 1,800 आणि राज्याचे 1,800 रुपये रोख खात्यातूनच जातात. ते भरले की त्याच महिन्यात, सेवा धंद्यासाठी असल्यामुळे, तेवढेच क्रेडिट घेता येते.

मुलाच्या कागदावर क्रम असा लिहा. मावशी बीजक देणार नाहीत, म्हणून आपल्याच दुकानाने आपल्या नावे बीजक बनवायचे. ते सेवा मिळाल्यापासून 30 दिवसांत व्हायला हवे. मावशींना भाडे देताना पेमेंट व्हाउचर करायचे. विवरणपत्रात 20,000 रुपये आणि त्यावरचा कर 3.1(d) मध्ये दाखवायचा आणि क्रेडिट 4(A)(3) मध्ये घ्यायचे. 4(B) कडे या कामासाठी वळायचेच नाही. विवरणपत्र भरल्यावर रोख खातेवहीत 3,600 रुपयांची वजावट दिसली, तरच काम झाले असे समजायचे.

मे महिन्याच्या चुकीवर व्याज लागेल. भाडे मे महिन्यातच दिले होते, म्हणून 20 जूनची मुदत धरा. 20 ऑगस्टला भरलेत तर 61 दिवसांचे, 18 टक्क्यांनी, साधारण 108 रुपये. चुकून परतवलेले क्रेडिट पुन्हा घेता येते. ते 4(A)(5) मध्ये घेऊन 4(D)(1) मध्येही दाखवा, म्हणजे त्याचा माग राहतो.

नंदुरबारहून, किराणा दुकानदार

मी कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या योजनेत आहे आणि माझाही गाळा नोंदणी नसलेल्या मालकाचा आहे. हे वाचून छातीत धस्स झाले.

जळगावहून, कर सल्लागार

आप्पा, 16 जानेवारी 2025 पासून कंपोझिशनवाल्यांना गाळ्याच्या भाड्याच्या या नोंदीतून वगळले आहे. त्यानंतरच्या भाड्याची काळजी करू नका.

शहाद्याहून, भाषांतरकार

शब्दाबद्दल माझे मत वेगळे आहे. ‘प्रतिलोम’ संस्कृतात शोभतो, पण दुकानातल्या मुलाला त्यातून दिशा कळत नाही. ‘परतवणे’ हा शब्द क्रेडिटच्या ‘रिव्हर्सल’साठी राखून ठेवावा आणि रिव्हर्स चार्जला ‘घेणाऱ्याकडून कर’ म्हणावे. दोन्हींची मराठी वेगळी झाली की इंग्रजी शब्दांची गफलत होणार नाही.

धुळ्याहून, निवृत्त व्यापारी

माझी माहिती जुनी होती, ते मान्य. पण ‘घेणाऱ्याकडून कर’ ऐकले की घेणाऱ्याकडून कोणीतरी कर वसूल करतोय असेच वाटते, आणि मग लोक तो घरमालकाच्या हातात देतील.

पाचोऱ्याहून, दुकानाच्या हिशेबनीस

नानांचा मुद्दा मला पटतो, म्हणून कागदावर मी सध्या ‘घेणाऱ्याने सरकारला भरायचा कर’ असे पूर्ण वाक्यच लिहिले आहे आणि त्याखाली 3.1(d) लिहून लाल रेघ ओढली आहे. एक प्रश्न उरतोच. मावशींचे मालक असलेल्या भाच्याशी नाते आहे. उद्या त्यांनी भाडे घेणेच बंद केले, तर कराची रक्कम कशावर मोजायची?

जळगावहून, कर सल्लागार

त्याचे उत्तर मी भाडेकरार पाहिल्याशिवाय देणार नाही. भाडे बंद होण्याआधी तो घेऊन या.