मदत हवी आहे : ठेकेदाराने पगारातून पीएफ कापला, पण खात्यात भरलाच नाही

मी मूळचा हिंगोली जिल्ह्यातला असून छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीतील एका कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करतो. एप्रिल २०२३ ते मे २०२५ या २६ महिन्यांत माझ्या पगारातून दरमहा १,५०० रुपये पीएफ म्हणून कापले गेले. बहिणीच्या लग्नासाठी अग्रिम काढावा म्हणून पासबुक उघडले, तेव्हा पहिल्या तीनच महिन्यांचा भरणा दिसला. म्हणजे माझ्याच पगारातले ३४,५०० रुपये कुठे गेले, हे मला ठाऊक नाही. ठेकेदार म्हणतो, "सर्व्हरची अडचण आहे, दिसतील." मी पुढे काय करावे?

गोदाकाठ : सरळ पोलिसांत जा. कापलेला पीएफ न भरणे हा विश्वासघाताचा गुन्हा आहे.

कैलास : माझाही पीएफ अडकला आहे. आधारवर वडिलांचे नाव वेगळे असल्याने दावा दोनदा परत आला. काय करू?

जुना लेखनिक : कैलासराव, तुमचा प्रश्न नाव दुरुस्तीचा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा.

गोदाकाठ यांचे गुन्ह्याबद्दलचे म्हणणे चुकीचे नाही, मात्र पोलिसांत गेल्याने पैसे खात्यात जमा होत नाहीत. रक्कम ठरवून वसूल करण्याचे काम पीएफ कार्यालयाचे आहे. मी एका आस्थापनेत बारा वर्षे पीएफचा भरणा पाहिला आहे. दर महिन्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो, त्यामुळे जवळजवळ दोन वर्षे सर्व्हर बंद होता, हे पटण्यासारखे नाही.

तरी आधी एक गोष्ट तपासा. काही ठेकेदार त्याच कामगाराचा दुसरा यूएएन काढतात आणि पैसे तिकडे जातात. पगाराच्या स्लिपवरचा क्रमांक आणि तुमचा क्रमांक एकच आहे का?

धागाकर्ता : क्रमांक एकच आहे. परंतु माझ्याकडे फक्त नऊ स्लिपा आहेत, बाकीच्या ठेकेदाराने दिल्याच नाहीत.

जुना लेखनिक : मग हा न भरल्याचाच प्रकार आहे. स्लिपा नसलेल्या महिन्यांसाठी बँकेचे विवरणपत्र काढा, आणि गेटपास व हजेरी कार्डाचे फोटो जपून ठेवा. epfigms.gov.in वर तक्रार नोंदवा आणि तिची प्रत पीएफच्या प्रादेशिक कार्यालयात देऊन पोच घ्या. तक्रारीत ठेकेदाराबरोबर कारखान्याचेही नाव लिहा, कारण ठेकेदाराच्या कामगारांचा पीएफ भरला जातो की नाही, याची जबाबदारी मूळ मालकावरही असते आणि भरलेली रक्कम तो ठेकेदाराच्या बिलातून वळती करू शकतो. ठेकेदाराचे शेवटचे बिल निघण्याआधी हे झाले, तर कारखान्यालाही हालचाल करावीशी वाटते. मालकाचा हिस्साही मागा, तो तुमच्या कपातीइतकाच असतो. फक्त त्यातला बराचसा भाग पेन्शनमध्ये जातो.

धागाकर्ता : आमच्या तुकडीत आणखी अकरा जण आहेत. जुलैत ठेकेदार बदलणार असल्याने नवा ठेकेदार आम्हाला घेणार नाही, या भीतीने ते सही करायला तयार नाहीत. मी एकट्याने तक्रार केली, तर चालेल का?

जुना लेखनिक : एकट्याची तक्रारही चालते. चौकशी पूर्ण हजेरीपटाची झाली, तर इतरांचीही थकबाकी त्यातून बाहेर येते. नोकरीबद्दलची त्यांची भीती मात्र मी खोटी ठरवू शकत नाही.