मदत हवी आहे: कलम 17 च्या तीन गुणांच्या उत्तरात काळाराम सत्याग्रहाचं उदाहरण चालेल का?

पंचवटीकर_मुलगी: राज्यशास्त्राचा पेपर आहे. 'कलम 17 उदाहरणासह स्पष्ट करा', मर्यादा साधारण 50 शब्द. काळाराम मंदिर घरापासून चालत पाच मिनिटांवर, त्यामुळे तेच आधी सुचतं. मैत्रीण म्हणते ते उदाहरण होत नाही. शेवटी एखादं मूलभूत कर्तव्य जोडलं तर गुण वाढतात का?

गोदाकाठ: बिनधास्त लिही. मंदिरप्रवेश म्हणजे कलम 15, भेदभावाला मनाई. 17 ऐवजी 15 लिहिलंस तरी चालेल.

जुना_मास्तर: नाही चालणार. 15(2) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आहेत. रामकुंडाचा घाट त्यात बसेल, पण मंदिर त्या यादीत नाही. मंदिरं सर्वांना खुली करण्याचा कायदा करायची वाट 25(2) मधून जाते.

मैत्रिणीचं म्हणणं बरोबर आहे. सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला आणि राज्यघटना लागू झाली 1950 मध्ये. म्हणजे ती पार्श्वभूमी झाली, कलमाचं उदाहरण नव्हे. उदाहरणात कोणी, कोणाला, काय करू दिलं नाही एवढं दिसलं पाहिजे. असं लिही:

'कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली असून तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध आहे. हे कलम खासगी व्यक्तींनाही लागू होते. उदा. हॉटेलमालकाने दलित ग्राहकासाठी वेगळा कप ठेवणे. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, 1955 नुसार हा गुन्हा आहे.'

'खासगी व्यक्तींनाही' हे सोडू नकोस, बहुतेकांचं तेच राहतं. परीक्षक दोन कपांची गोष्ट वाचून पुढे जातो, त्याला अस्पृश्यतेचा इतिहास नको असतो.

सिडकोवाला: आमच्या सोसायटीत मांसाहार करणाऱ्यांना भाड्याने घर देत नाहीत. 17 लावता येईल का?

जुना_मास्तर: आहारावरून असेल तर 17 थेट नाही. त्याआडून जात बघत असतील तर प्रश्न वेगळा, पण ते सिद्ध कसं करणार? वकिलाला विचारा, पेपरात मात्र हे उदाहरण देऊ नका.

गोदाकाठ: आणि कर्तव्याचं? गोदावरी स्वच्छ ठेवणं लिहिलं तर?

जुना_मास्तर: नदीचं कर्तव्य 51क मध्ये आहे खरं, पण 17 शी त्याचा संबंध काय? विचारलंच असेल तर भेदांपलीकडे जाऊन बंधुभाव वाढवण्याचं कर्तव्य घे. आणि कर्तव्यं 'घटनेत मुळापासून' असं लिहू नकोस. ती 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने आली, अकरावं 2002 मध्ये.

पंचवटीकर_मुलगी: आभार सर. पण सत्याग्रह 'पार्श्वभूमी' म्हणून एका ओळीत घातला तर? पन्नास शब्दांत ती ओळ बसते.

गोदाकाठ: मी तर घातली असती.

जुना_मास्तर: परीक्षकावर आहे. मी गुण दिले नसते, कापलेही नसते.