अट हवीच, पण चाचणी बॉटशिवाय घ्या

> वर्गात एआय चॅटबॉट वापरून पाहण्याबद्दलच्या मुख्याध्यापकांच्या पत्रात ‘बॉट थेट उत्तर देणार नाही’ एवढी अट पुरेल का?

अट योग्य आहे, पण ती पाळण्यासाठी बॉटला शिक्षकांनी साहित्य पुरवायला हवं, हे पत्रात लिहा. तुर्कस्तानातल्या एका माध्यमिक शाळेत 2023 मध्ये गणितासाठी असा प्रयोग झाला. साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांचे सरावातले गुण 48 टक्क्यांनी वाढले, पण बॉट काढून घेऊन परीक्षा घेतल्यावर ती मुलं बॉट न वापरलेल्यांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली. आणि आपण कमी शिकलो, असं त्यांना वाटतही नव्हतं! दुसऱ्या गटाच्या बॉटला शिक्षकांनी प्रत्येक गणिताचं बरोबर उत्तर आणि मुलांच्या नेहमीच्या चुका आधीच दिल्या होत्या, आणि तो फक्त इशारे द्यायचा. त्या गटाचं हे नुकसान जवळपास टळलं.

म्हणजे x² + 5x + 6 चे अवयव विचारले, तर बॉटने ‘गुणाकार 6 आणि बेरीज 5 येईल अशा दोन संख्या कोणत्या?’ इथंच थांबायचं. तुमच्या प्रयोगासाठीही एकच वर्ग, एकच धडा घ्या आणि शेवटची चाचणी वर्गात, कागदावर. बॉटचा उपयोग झाला की नाही, हे घरून आलेल्या वह्यांवरून ठरवू नका. पालकांची संमती मात्र आधीच घ्या. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांची माहिती वापरण्यासाठी ती तरतूद आहे.